जन्मगाव एक आणि दावे तीन : खरं कसं ठरवायचं

प्रश्न : एका समाजसुधारकाचं छोटं चरित्र लिहितोय. जुन्या चरित्रात जन्मगाव एक दिलंय, जिल्ह्याच्या माहितीपुस्तकात दुसरं, आणि नेटवर बहुतेक ठिकाणी तिसरंच. तिन्ही गावांतले लोक म्हणतात आमच्याकडेच जन्मले. खरं कुठलं हे ठरवायचं कसं?

सगळ्यात आधी मतमोजणी बंद करा. नेटवर बहुतेक ठिकाणी तिसरं गाव आहे याला पुरावा म्हणून काडीची किंमत नाही, ते का ते पुढे सांगतो. त्याआधी एक वही घ्या आणि तिन्ही ठिकाणचं मूळ वाक्य जसंच्या तसं, शब्द न बदलता उतरवून काढा. आपल्या शब्दांत सारांश नको, वाक्यच हवं. हे मी पंचवीसेक वर्षं करतोय आणि माझा अनुभव असा की निम्मे वाद इथेच सुटतात, कारण नीट वाचलं की कळतं एकाने 'जन्म अमुक गावी' लिहिलंय, दुसऱ्याने 'मूळचे अमुक गावचे' लिहिलंय आणि तिसऱ्याने 'अमुक गावच्या एका गरीब घरात वाढले' असं लिहिलंय. तिघेही खरे असू शकतात, कारण तिघं तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतायत. नंतर कुणीतरी तिन्ही वाक्यं 'जन्मस्थळ' नावाच्या एकाच रकान्यात कोंबली आणि भांडण लागलं.

महर्षी धोंडो केशव कर्व्यांचं बघा. लोकांच्या तोंडी गाव मुरुड, दापोलीजवळचं, आणि ते बरोबरच आहे, घर तिथलं, बालपण तिथलं. पण जन्म 18 एप्रिल 1858 चा, शेरवलीचा, खेड तालुक्यातला, म्हणजे आईकडच्या गावी. बाळंतपणाला माहेरी जायची पद्धत असलेल्या समाजात हे इतकं कॉमन आहे की मी तर आता नियमच करून टाकलाय, दोन गावं दिसली की पहिला प्रश्न आजोळ कुठलं. दुसरा प्रश्न वडील तेव्हा नोकरीला कुठे होते. डॉ. आंबेडकरांचं मूळ गाव आंबडवे, मंडणगड तालुका, पण वडील लष्करात होते म्हणून जन्म महूला झाला, 14 एप्रिल 1891. इथे कुणाचा गोंधळ होत नाही कारण माणूस फार मोठा आणि कागद भरपूर. पण तुमचे समाजसुधारक जर तालुक्यापुरते माहीत असतील तर नेमकी हीच गोष्ट गोंधळलेली असणार, आणि बिचाऱ्या तिन्ही गावांनी कमानी बांधून ठेवलेल्या असणार.

आता वाक्यं नीट वाचूनही दोन ठिकाणी स्पष्ट 'जन्म' असंच लिहिलंय असं निघालं तर पुढची पायरी म्हणजे प्रत्येक दाव्याची वंशावळ काढायची. माणसाची नाही, दाव्याची. हे पुस्तक अमुक साली आलं, त्याने हे कुठून घेतलं, त्याच्या आधी हे गाव कुणी लिहिलं, त्याच्याही आधी कुणी. मागे मागे जात राहायचं जोवर असा माणूस किंवा कागद सापडत नाही की ज्याच्या मागे कुणीच नाही. मग त्या पहिल्याला दोन प्रश्न विचारायचे, तुला हे कळलं कसं आणि घटनेनंतर किती वर्षांनी लिहिलंस.

यात मी स्वतः एकदा चांगलाच तोंडावर पडलोय. एका व्यक्तीवर टिपण लिहिताना चार पुस्तकांत एकच गाव मिळालं, मी म्हटलं चार साक्षीदार, अजून काय पाहिजे, दिलं ठोकून. छापून आल्यावर एका वाचकाने शांतपणे दाखवून दिलं की चारही पुस्तकांनी ते गाव एकाच जुन्या स्मरणिकेतून उचललंय, आणि त्या स्मरणिकेत ते वाक्य ज्या लेखात होतं त्यात मृत्यूचं वर्षही चुकलेलं होतं. चारही पुस्तकांनी ते चुकीचं वर्षही इमानेइतबारे उचललं होतं, आणि मला ते दिसलं नव्हतं. तेव्हापासून ही माझी आवडती खूण आहे, चूक कॉमन असेल तर उगम कॉमन. दोन पुस्तकांत एकच विचित्र स्पेलिंग, एकच चुकलेली तिथी, एकच ठरावीक विशेषण दिसलं की समजायचं ते दोन साक्षीदार नाहीत, एक साक्षीदार आणि एक झेरॉक्स आहे.

नेटचं तर असं आहे की विकिपीडियाच्या पानावर वरच्या बाजूला 'इतिहास पहा' असं असतं, इंग्रजी पानावर View history, तिथे जाऊन ते गाव नक्की कोणत्या तारखेला आणि कुठल्या संदर्भाने घातलं गेलं ते बघता येतं. मग बाकीच्या साइट्स आणि पेपरातले जयंतीचे लेख त्या तारखेच्या आधीचे आहेत की नंतरचे ते बघा. बऱ्याचदा सगळे नंतरचे निघतात. आणि गंमत म्हणजे पुढे कुणीतरी विकिपीडियावर त्याच पेपरातला लेख संदर्भ म्हणून जोडतं, म्हणजे साप स्वतःचीच शेपूट गिळून बसतो. म्हणून म्हटलं की 'बहुतेक ठिकाणी तिसरंच' याला किंमत नाही.

आणखी एक गोष्ट, गावाचं नाव म्हणजे गाव नव्हे. दावे वेगळे वाटतात आणि गाव एकच असतं, किंवा उलट, नाव एकच आणि गावं दोन. बुद्रुक आणि खुर्द गाळून लिहायची सवय तर आपल्याकडे सगळ्यांनाच आहे. जिल्हे बदलतात ते वेगळंच, 1981 साली रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा झाला, त्यामुळे मालवणकडचं एखादं गाव जुन्या पुस्तकात रत्नागिरी जिल्ह्यात आणि नव्यात सिंधुदुर्गात दिसणारच, तो काही वाद नाही. पण हे न कळलेला एखादा लेखक मग आजच्या रत्नागिरी जिल्ह्यात त्या नावाचं गाव शोधतो, त्याला एखादं मिळतंही, आणि तिथून एक नवाकोरा दावा जन्माला येतो. म्हणून प्रत्येक दाव्याचं गाव त्या काळच्या तालुक्यासकट नकाशावर टेकवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

हे सगळं एका ठिकाणी कसं दिसतं ते दाखवायला मी नेहमी स्कॉटलंडच्या विल्यम वॉलेसची केस घेतो. आपल्याकडची न घेता ही का, तर यात आपल्यापैकी कुणाच्याच अस्मितेला धक्का लागत नाही आणि पुरावा इतका कमी आहे की सगळाच्या सगळा टेबलावर मांडता येतो. वॉलेस इंग्लंडच्या राजाविरुद्ध लढला, 1297 मध्ये स्टर्लिंग ब्रिजची लढाई जिंकला, 23 ऑगस्ट 1305 ला त्याला लंडनमध्ये देहदंड झाला. जन्मगाव म्हणून पारंपरिक नाव एल्डरस्ली, पेझ्ली शहराजवळचं, रेनफ्र्यूशायर परगण्यातलं. तिथे 1912 साली उभारलेलं स्मारक पण आहे. दुसरा दावा एलर्स्लीचा, किल्मार्नकजवळ, एअरशायर परगण्यात. नावं किती जवळजवळची आहेत ते बघा, म्हणजे वर सांगितलेला नावाचा घोळ इथे आयताच आला.

पहिल्या दाव्याची वंशावळ काढू. 1912 चं स्मारक म्हणजे 1912 साली लोक काय मानत होते याचा पुरावा, वॉलेसच्या जन्माचा नाही, ते बाजूला. मागे जात जात आपण पोचतो ब्लाइंड हॅरी नावाच्या कवीच्या एका लांबलचक काव्यापाशी, साधारण 1470 च्या दशकातल्या. म्हणजे वॉलेस गेल्यानंतर जवळपास पावणेदोनशे वर्षांनी. हा कवी वॉलेसच्या वडिलांचं नाव माल्कम सांगतो, आणि त्या माल्कमकडे 'एल्रिस्ली' वारसाहक्काने होतं, शिवाय ऑखिनबॉथी आणि आणखी काही ठिकाणं होती असं म्हणतो. आता ते वाक्य परत वाचा. वडिलांकडे ती जमीन होती असं वाक्य आहे, मुलगा तिथे जन्मला असं नाही. एकाहून जास्त ठिकाणं होती असंही तोच सांगतोय. म्हणजे ज्याच्यावर सगळा डोलारा उभा आहे ते वाक्यच 'जन्म कुठे' या प्रश्नाचं उत्तर देत नाहीये, नंतरच्यांनी त्यातून जन्मगाव काढलं. तरी एल्डरस्लीच्या बाजूने एक गोष्ट न्याय म्हणून नोंदवायला हवी, ऑखिनबॉथी रेनफ्र्यूशायरमध्येच आहे, म्हणजे निदान कवीच्या डोक्यात कुठला भाग होता ते कळतं, आणि तो भाग एअरशायरचा नाही.

दुसऱ्या दाव्याची सुरुवात एका पत्रापासून होते. स्टर्लिंग ब्रिज जिंकल्यावर महिनाभराने, 11 ऑक्टोबर 1297 ला, वॉलेस आणि त्याचा साथीदार अँड्र्यू मरे यांनी जर्मनीतल्या ल्यूबेक आणि हॅम्बुर्गच्या व्यापाऱ्यांना पत्र पाठवलं की आमची बंदरं आता मोकळी झालीत, माल पाठवायला हरकत नाही. त्या पत्राला वॉलेसचा मेणाचा शिक्का लटकवलेला आहे. मागच्या बाजूला ताणलेलं धनुष्य आणि बाण आहे, आणि शिक्क्याच्या कडेने लॅटिन अक्षरं आहेत. पहिल्या नावाची सुरुवातीची अक्षरं तुटलीत, पण पुढे 'फिलिउस अलानी वालाइस' असं वाचलं जातं, म्हणजे 'अ‍ॅलन वॉलेसचा मुलगा'. माल्कम नाही, अ‍ॅलन.

इथे थांबून दोन साक्षीदारांची तुलना करा. एक कवी, पावणेदोनशे वर्षांनंतरचा, ज्याला वीरकथा रंगवायची होती. दुसरा खुद्द त्या माणसाचा शिक्का, त्याच्या हयातीतला, व्यापाराच्या रुक्ष पत्रावरचा, ज्यात बापाचं नाव खोटं लिहून कुणाचा काही फायदा नव्हता. बापाच्या नावापुरता शिक्का जिंकला, यात मला तरी शंका नाही. आणि मग परिणाम असा होतो की ज्या कवीला बापाचं नाव धड माहीत नव्हतं त्याच्या बापाच्या जमिनीबद्दलच्या माहितीवर किती भिस्त ठेवायची हा प्रश्न उभा राहतो. साक्षीदार एका तपासता येण्यासारख्या मुद्द्यावर चुकला की न तपासता येणाऱ्या मुद्द्यावरचं त्याचं वजन कमी होतं. एकदम शून्य होत नाही हां, कमी होतं.

पुढे एअरशायर कुठून आलं? 1296 मध्ये इंग्लंडच्या राजाने स्कॉटलंडमधल्या जमीनदारांकडून निष्ठेची शपथ घेतली, त्या नोंदींना रॅगमन रोल म्हणतात, आणि त्यात एक अ‍ॅलन वॉलेस आहे, एअर परगण्यातला राजाचा कूळ म्हणून. शिक्क्यावर अ‍ॅलन, यादीत अ‍ॅलन, मध्ये फक्त एक वर्षाचं अंतर. मोह होतो ना, जोडून टाकायचा? इथेच भलेभले घसरतात. आता प्रत्येक जोड वेगळी तपासा. वॉलेसच्या बापाचं नाव अ‍ॅलन, हे जवळपास पक्कं. तो अ‍ॅलन आणि यादीतला अ‍ॅलन एकच, हे शक्य आहे, बऱ्यापैकी शक्य आहे, पण यादीत 'विल्यमचा बाप' असं कुठे लिहिलेलं नाही, आणि एकाच आडनावाच्या घराण्यात एकच नाव दोघांचं असणं ही काही नवलाची गोष्ट नव्हे. यादीतल्या अ‍ॅलनची जमीन एलर्स्लीलाच होती, हे तर यादी सांगतच नाही, ती फक्त परगणा सांगते. गावाचं नाव आलं कुठून, तर कवीच्या 'एल्रिस्ली'शी ते जुळतं म्हणून. म्हणजे ज्या कवीला बापाच्या नावावरून बाद ठरवलं त्याच्याकडूनच गावाचं नाव मागच्या दाराने उसनं आणलं! आणि शेवटची जोड, बापाची जमीन जिथे तिथेच मुलगा जन्मला, याला तर कसलाच कागद नाही.

साखळीत चार कड्या आहेत आणि प्रत्येक कडी आधीपेक्षा ढिली. समजा पहिली सोडून बाकीच्या तिन्ही कड्या तुम्ही उदारपणे साठ-साठ टक्के खऱ्या धरल्या तरी तिन्ही एकत्र खऱ्या असण्याची शक्यता वीस-बावीस टक्क्यांवर येते. हे आकडे मी उदाहरणापुरते घेतलेत, इतिहासात असे टक्के मोजता येत नाहीत, पण प्रत्येक कडी सुटी सुटी बघितली की 'पटण्यासारखी' वाटते आणि साखळी मात्र तुटकी असते, ते यातून लक्षात यावं. म्हणून मी वॉलेसबद्दल लिहायला बसलो तर असं लिहीन : जन्मगाव निश्चित नाही, परंपरेने एल्डरस्ली सांगतात पण तिचा आधार उशिराच्या काव्यात आहे, वडिलांचं नाव त्याच्याच शिक्क्यावरून अ‍ॅलन दिसतं आणि त्यावरून एअरशायरकडे बोट दाखवलं जातं. बस. याच्या पुढे कागद नेत नाहीत.

आता तुमच्या केसकडे. तुमचे समाजसुधारक एकोणिसाव्या-विसाव्या शतकातले असतील असं धरून चालतो, म्हणजे तुमच्याकडे वॉलेसपेक्षा पुष्कळ जास्त कागद मिळायला हवेत. पण अस्सल कागद मिळाला म्हणून लगेच उडी मारू नका, आधी बघा तो कागद कशाची नोंद करायला तयार झाला होता. शाळेच्या रजिस्टरमध्ये जन्मस्थळाचा रकाना असेल तर तो पालकाने सांगितलेला असतो, मूल पाच-सात वर्षांचं झाल्यावर, आणि सांगणारा काका किंवा शेजारी असेल तर तो सरळ राहतं गाव सांगून मोकळा होतो. चर्चच्या नोंदीत बाप्तिस्मा असतो, जन्म नाही. शेक्सपिअरची 26 एप्रिल 1564 ची नोंद बाप्तिस्म्याची आहे, जन्माची तारीख लोक अंदाजाने मागे नेतात, गावाचंही तसंच होऊ शकतं. जमिनीच्या कागदावर 'राहणार अमुक' असतं, ते त्या दिवशीचं राहणं. त्या व्यक्तीचं स्वतःचं आत्मचरित्र असेल तर ते जरूर वरच्या पायरीवर, पण आपल्या जन्माचा साक्षीदार कुणीच स्वतः नसतो, त्यालाही ते आईने किंवा आजीने सांगितलेलंच असतं. तरी घरातून थेट आलेली ती गोष्ट, म्हणून पत्रं, भावंडांच्या आठवणी, हयातीत छापलेली मुलाखत, या गोष्टी मी नंतरच्या कुठल्याही चरित्राच्या वर ठेवतो. तुमचं ते जुनं चरित्र त्यांच्या हयातीत आलंय का, लेखक त्यांना भेटला होता का, हे प्रस्तावनेतच कळेल, प्रस्तावना वाचायला विसरू नका.

गावात जाणार असाल तर प्रश्न विचारण्याची एक पद्धत आहे. 'ते इथेच जन्मले ना?' असं विचारलंत तर उत्तर 'होय' हेच येणार, पाहुण्याला नाराज कोण करतो, आणि गावाचा अभिमानही असतो. त्याऐवजी आडून विचारा. आजीचं माहेर कुठलं होतं, पहिली बाळंतपणं कुठे व्हायची, घर कुणाच्या नावावर होतं, वडील तेव्हा काय करत. एकदा मी असंच एका आजींशी बोलत होतो, जन्माचा विषयही काढला नव्हता, आणि त्या सहज म्हणाल्या, "ते होय, सव्वा महिन्याचं बाळ घेऊन आली होती ना ती, बैलगाडीतनं." झालं! बाळ आणलं म्हणजे जन्म इथला नाही. ज्या गोष्टीने सांगणाऱ्याच्याच गावाचं नुकसान होतं ती गोष्ट त्याच्याच तोंडून आली की तिचं वजन दुप्पट. अर्थात त्या आजींनीही ते ऐकलेलंच होतं, पाहिलेलं नाही, म्हणून मी तेवढ्यावर निकाल दिला नाही, पण आजोळच्या गावाकडे शोध वळवला आणि तिथे कामाचा कागद मिळाला.

आणि लोक 'हेच ते जन्मघर' म्हणून घर दाखवतील तेव्हा ते घर केव्हा बांधलं ते विचारा. जन्मानंतर तीस वर्षांनी बांधलेली जन्मघरं मी पाहिलीत.

शेवटी तुमच्याकडे बहुधा अशी परिस्थिती येईल की एका गावाकडे पारडं झुकलंय पण पूर्ण नाही. तसं असेल तर तसंच लिहा, 'जन्म बहुधा अमुक गावी, आजोळी. मूळ घर तमुक गावी, तिथेच बालपण गेलं. तिसऱ्या गावाचा उल्लेख अमुक सालापासून दिसतो, त्याआधीचा आधार मिळाला नाही.' तिसऱ्या गावाचं नाव गाळू नका, नाहीतर पुढचा माणूस ते नव्याने 'शोधून' काढेल आणि तुम्हीच चुकलात असं छापेल. प्रत्येक गावापुढे सर्वात जुना आधार आणि त्याचं साल तेवढं द्या. उद्या एखाद्या ट्रंकेत त्यांच्या आईचं पत्र निघालं तर कुठल्या सालाच्या आधीचा पुरावा तुमच्या निष्कर्षाला हलवू शकतो ते वाचणाऱ्याला लगेच कळेल.